बालवाडीतला चित्रांचा दिनक्रम-तक्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडीच्या ताया आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना डोळ्यांसमोर ३ ते ६ वर्षांच्या वीस-पंचवीस मुलांचा, सकाळी दहा ते एक भरणारा वर्ग आहे. एक ताई, एक मदतनीस आणि बहुतेक ठिकाणी एकच नळ.

१. चित्रांचा तक्ता म्हणजे नेमकं काय? आमच्या भिंतीवर वेळापत्रक आहेच की.

भिंतीवरचं वेळापत्रक बहुधा ताईसाठी असतं, नाहीतर तपासणीला येणाऱ्यांसाठी. ‘१०.४५ ते ११.१५ मुक्तखेळ’ या ओळीचा साडेतीन वर्षांच्या मुलाला काही उपयोग नाही. चित्रांच्या तक्त्यात आज वर्गात जे जे होणार त्याची एकेक सुटी कार्डं ओळीने लावलेली असतात. एक गोष्ट संपली की तिचं कार्ड निघतं आणि ‘झालं’ लिहिलेल्या पाकिटात जातं. उरलेल्यांत सर्वांत वरचं कार्ड म्हणजे आता करायचं काम.

कार्ड सुटं असणं आणि ते मुलाच्या हाताने निघणं, यातच सगळं आलं. चित्रं एकाच कागदावर छापून चिकटवली तर ते छान दिसणारं पोस्टर होतं, एवढंच.

२. खेळ थांबवायची वेळ आली की रडारड होते. चित्राने त्यात काय फरक पडणार?

“चला, आवरा, हात धुवा आणि खाऊला बसा” या एका वाक्यात चार कामं आहेत. मुलाने रंगलेला खेळ सोडायचा, ऐकलेलं लक्षात ठेवायचं, गोंगाटातून वाट काढायची आणि मग कुठे जायचं ते आठवायचं. बोललेलं वाक्य हवेत विरून जातं. आवरता आवरता मूल दुसऱ्या ठोकळ्यापाशी रेंगाळतं, कारण पुढचं त्याला आठवतच नाही. चित्र जागेवर असतं आणि ते पुन्हा बघता येतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. या वयात ‘नंतर’चा अंदाज फार पुसट असतो. मैदान सोडायला सांगितलं की ते पुन्हा मिळेल की नाही, हे मुलाला ठाऊक नसतं. तक्त्यावर मैदानाचं कार्ड रोज त्याच जागी दिसायला लागलं की ती भीती कमी होते. शिवाय खेळ ताईने हिसकावला असं न वाटता तो ‘झाला’ असं वाटतं, त्यामुळे ताईशी भांडायचं कारण उरत नाही.

मर्यादाही सांगून ठेवते. ज्या मुलाला खाऊतली उसळ आवडत नाही, त्याला तक्त्यामुळे उसळ आवडायला लागणार नाही. पुढे काय आहे ते कळेल, पण ते आवडेलच असं नाही.

३. कितव्या वर्षापासून वापरता येतो?

अडीच-तीन वर्षांच्या मुलांना दोनच कार्डं दाखवा: ‘आता’ आणि ‘मग’. चार वर्षांच्या आसपास पूर्ण सकाळची ओळ कळू लागते. चित्र आणि खरी वस्तू यांचा संबंध अजून जुळला नसेल तर वस्तूच हातात द्या. खाऊसाठी वाटी, मैदानासाठी चेंडू. मिश्र वयाच्या वर्गात मोठी मुलं पूर्ण तक्ता वापरतात आणि धाकट्यांसाठी ताईच्या हातात ‘आता–मग’ची छोटी पट्टी असते.

४. एका दिवसाला किती कार्डं लावायची?

तीन तासांच्या वर्गाला सहा ते आठ. आमच्या ओळखीच्या वर्गांत बहुधा असा क्रम असतो: गोलातल्या गप्पा, मुक्तखेळ, हात धुणे, खाऊ, मैदान, गोष्ट, घर. ही सात झाली.

दहा-बारा कार्डं लागतायत असं वाटलं, तर आधी दिनक्रमच तपासा. दर दहा मिनिटांनी मुलांना उठवलं-बसवलं जात असेल तर दोष कार्डांचा नाही. प्रार्थना, हजेरी, वार-तारीख, बडबडगीत हे सगळं एकाच गोलात बसून होत असेल तर त्याला एकच कार्ड पुरे. जागा बदलते किंवा मुलाच्या हातातलं सामान सुटतं, तिथे वेगळं कार्ड हवं. म्हणूनच हात धुण्याला स्वतःचं कार्ड आहे आणि हजेरीला नाही.

५. फोटो वापरू की चित्रं काढू? इंटरनेटवरून घेतलेली चालतील का?

सुरुवातीला आपल्याच वर्गाचे फोटो. आपला नळ, आपल्या सतरंज्या, आपल्या अंगणातलं चिंचेचं झाड. इंटरनेटवरच्या ‘स्नॅक टाइम’च्या चित्रात टेबल-खुर्ची आणि दुधाचा पेला असतो, आणि आपली मुलं खाली बसून शिरा खातात. मोठ्यांना त्यातला अर्थ पटकन लागतो, तीन वर्षांच्या मुलाला लागेलच असं नाही.

फोटो जागेचा किंवा वस्तूचा घ्या, एखाद्या मुलाच्या चेहऱ्याचा नको. तसं केलं की “हा सईचा खाऊ आहे” असं ठरतं, आणि सई गैरहजर असली की वेगळीच चर्चा सुरू होते. पार्श्वभूमीला फार पसारा नको. फोटोखाली ठळक देवनागरीत एकच शब्द लिहा. काही महिन्यांनी साध्या रेघांच्या चित्रांवर यायला हरकत नाही, पण एका गोष्टीला वर्षभर एकच चित्र हवं.

कार्ड बरोबर जमलं का, हे तपासायची सोपी रीत आहे. तोंडाने काहीही न सांगता ते एका मुलाला दाखवा आणि विचारा, “आता कुठे जायचं?” मूल भलतीकडे गेलं तर कार्ड बदला.

६. कशापासून बनवायचा आणि कुठे लावायचा?

जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम. १० सेंटीमीटरचे चौकोन कापा, फोटो चिकटवा, वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा. मागे वेल्क्रोचा तुकडा. सगळ्या कार्डांना त्याची एकच बाजू लावायची (समजा मऊ) आणि पट्टीवर खरखरीत, नाहीतर ऐनवेळी कार्ड चिकटत नाही. वेल्क्रो नसेल तर जाड पारदर्शक प्लॅस्टिकचे खिसे शिवून घ्या. दोरी आणि कपड्यांचे चिमटे स्वस्त पडतात, पण तीन वर्षांच्या बोटांना चिमटा दाबणं जड जातं, आणि मग ताईच ते काम करायला लागते.

ओळ उभी लावा, वरून खाली. सात कार्डांची पट्टी ८० ते ९० सेंटीमीटर होते. चार वर्षांचं मूल साधारण एक मीटर उंच असतं, म्हणून सर्वांत वरचं कार्ड जमिनीपासून सव्वा मीटरच्या आतच हवं. बऱ्याच वर्गांत तक्ता फळ्याच्या वर लावलेला दिसतो, तिथून तो फक्त पाहुण्यांना दिसतो. खिडकीच्या समोरची भिंतही टाळा, चिकटपट्टीवर उजेड चकाकतो आणि चित्र दिसत नाही.

७. कार्ड बदलायच्या वेळी ताईने नक्की काय करायचं?

सगळ्यांत अवघड बदल घेऊ: मुक्तखेळ, मग हात धुणे, मग खाऊ.

खेळ संपायच्या थोडं आधी ताई एकेका कोपऱ्यात जाते आणि मुलांच्या डोळ्यांच्या पातळीला बसून हात धुण्याचं कार्ड दाखवते. लांबून ओरडून सांगत नाही. (आधी काय सांगायचं ते प्रश्न ९ मध्ये आहे.) मग रोजची एकच खूण होते, एखादी छोटी घंटा किंवा आवरण्याचं गाणं. सामान जागेवर जातं. आज ज्या मुलाची पाळी आहे ते तक्त्याकडे जातं, ‘मुक्तखेळ’ काढतं, पाकिटात टाकतं आणि पुढच्या कार्डावर बोट ठेवून मोठ्याने सांगतं. त्यानंतरच मुलं हलतात.

आता नळाचं गणित. २४ मुलं, नळ एक, प्रत्येकाला अर्धा मिनिट. म्हणजे १२ मिनिटं, आणि शेवटचं मूल त्यातली साडेअकरा नुसतं उभं. ढकलाढकली इथे होते, आणि मग “तक्त्याचा काही उपयोग होत नाही” असा निरोप येतो. रिकामं उभं राहणं कुठलंही चित्र भरून काढू शकत नाही. मदतनीसाने बादली-मग घेऊन दुसरी जागा केली की तोच वेळ सहा मिनिटांवर येतो. मुलांना कोपऱ्यांनुसार पाठवा: आधी ठोकळेवाले, मग भातुकलीवाले. बाकीचे तोवर गोलात गाणं म्हणतात. हात धुऊन आलेलं मूल पुन्हा रांगेत न थांबता थेट आपल्या आसनावर बसतं आणि मदतनीस वाढायला सुरुवात करते.

शेवटचा गट बसला की पाळीचं मूल ‘हात धुणे’ काढतं. आधी नाही, कारण शेवटच्या मुलांसाठी ते काम अजून चालूच असतं.

८. तक्ता लावून महिना झाला, पण कोणी त्याकडे बघतच नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा कार्ड उशिरा निघतं. मुलं मैदानात पळालेली असतात आणि मग ताईला आठवतं. असं झालं की तक्ता झालेल्या गोष्टींची नोंदवही बनतो, आणि मुलांना त्यात काही बघण्यासारखं उरत नाही. कार्ड निघाल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम आधी मोठ्यांनी पाळायचा.

दुसरी शक्यता अशी, की तक्ता कालचाच आहे. सकाळी गोलात बसून मुलांसमोर कार्डं एकेक करून लावली पाहिजेत. दोन-तीन मिनिटं लागतात. सुरुवातीचा आठवडाभर ताईने स्वतःच कार्ड काढून दाखवावं, नंतर पाळीचं मूल नेमावं.

कुठे अडतंय ते बघायला एखाद्या दिवशी तोंडी सूचना न देता नुसती घंटा वाजवा. काही मुलं तक्त्याकडे वळली तर तक्ता कामाला लागलाय. सगळी ताईच्या तोंडाकडे बघत राहिली तर अजून ताईच तक्ता आहे.

९. “पाच मिनिटं राहिली” असं आधी सांगावं का?

आधी सांगावं, पण मिनिटांत नको. मोठी माणसंही ‘पाच मिनिटं’ कशी मोजतात ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे मुलांच्या लेखी त्याचा अर्थ ‘कधीही’ असा होतो. मोजता येईल असं काही सांगा: “अजून दोनदा घसरगुंडी”, “एवढा मनोरा पूर्ण करा”. आणि दोनदा म्हटलं की तिसऱ्यांदा नाही. वाळूचं घड्याळ चालतं, कारण संपत आलेलं दिसतं. फोनचा गजर मात्र बऱ्याच मुलांना दचकवतो. मोबाइल आणि टीव्हीचं प्रकरण वेगळं आहे, ते प्रश्न १४ मध्ये.

१०. एक मूल कार्ड बघूनही उठत नाही, लोळून रडतं. काय करावं?

आधी तीन-चार दिवस फक्त लिहून ठेवा: रडणं कोणत्या कार्डानंतर आणि कोणत्या कार्डाआधी. रडणं दरवेळी ‘मुक्तखेळ’नंतर होत असेल तर खेळ अर्धा राहणं टोचतंय. दरवेळी ‘मैदान’च्या आधी होत असेल तर मैदानातलंच काहीतरी नकोसं आहे, मोठ्या मुलांचा धक्का किंवा तापलेली फरशी. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि बाहेरून दोन्ही हट्टासारखेच दिसतात.

खेळ अर्धा राहण्यावर एक फळी ठेवा. अपुरा मनोरा, अर्धं चित्र तिथे ठेवायचं, नावाची चिठ्ठी लावायची, आणि उद्या ते तिथेच सापडलं पाहिजे. मदतनीसाने झाडताना तो मनोरा मोडला तर ती फळी पुन्हा कोणी वापरणार नाही.

काही मुलांना नुसतं बघून जमत नाही, हातात काही लागतं. त्यांना पुढच्या कार्डाची दुसरी प्रत द्या. मूल ती घेऊन नळापाशी जातं आणि तिथल्या खिशात ठेवतं. वाटेत हात रिकामे नसतात आणि कुठे जायचं ते हातातच असतं.

कार्ड दाखवल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. आपण लगेच दुसरं वाक्य बोलतो, मग तिसरं, आणि मुलाला प्रत्येक वेळी नव्याने ऐकायला लागतं. “नाही उठलास तर मैदानाचं कार्ड काढून टाकीन” हे कधीच नको. तक्ता धमकीसाठी वापरला की त्यावरचा भरवसा गेला, आणि सारा खेळ त्याच भरवशावर आहे.

११. पाऊस आला, लसीकरण निघालं, ताई रजेवर गेल्या. ठरलेलं बदललं तर?

यासाठी एक ‘बदल’ कार्ड ठेवा, वेगळ्या रंगाचं, ठळक बाणाचं. मुलांसमोर ‘मैदान’वर ते लावायचं, मग मैदान काढून त्या जागी ‘आतले खेळ’ लावायचं. बदल कळल्याबरोबर हे करा, त्या वेळेची वाट बघू नका.

या कार्डाची ओळख चांगल्या बातमीने करून द्या. पहिल्यांदा ते गोष्टीऐवजी कठपुतळ्या किंवा साबणाचे फुगे घेऊन यावं. पहिल्याच दिवशी ‘बदल’ म्हणजे सुई असं कळलं तर पुढे ते कार्ड दिसताच वर्ग रडेल. लसीकरणाच्या दिवशी लसीचं खरं कार्ड लावा, लपवू नका. त्यानंतर लगेच काय आहे तेही दिसू द्या.

“मैदान उद्या” असं खात्री असल्याशिवाय म्हणू नये. कोकणात जुलैत तर नाहीच. तिथे जून ते सप्टेंबर ‘आतले खेळ’ हेच रोजचं कार्ड करा, आणि उघडीप मिळाली की ‘बदल’ लावून बाहेर जा. बदल मग बहुतेक वेळा आनंदाचाच असतो.

१२. मुलं स्वतःच कार्डं हलवतात. खाऊ सगळ्यांत वर लावून ठेवतात!

म्हणजे तक्ता वाचता आला. रागावू नका, पण तसं होऊही देऊ नका. काही कार्डांना कडेला लाल पट्टी द्या. खाऊ, हात धुणे, घर ही हलत नाहीत, कारण ती स्वयंपाकघर आणि पालकांच्या वेळेला बांधलेली आहेत. बाकीच्यांत एक खरी निवड ठेवा: गोष्ट आधी की मैदान आधी, हे सकाळी पाळीचं मूल ठरवेल. मात्र जो पर्याय तुम्हाला त्या दिवशी चालणार नाही तो विचारूच नका.

१३. शू, पाणी आणि “आई कधी येणार?” यांची कार्डं हवीत का?

शू आणि पाण्याला ओळीत जागा नको. ती कोणत्याही वेळी मिळाली पाहिजेत, म्हणून त्यांची कार्डं तक्त्याच्या शेजारी वेगळी लावा. मूल ते कार्ड ताईच्या हातात देतं आणि जातं. बुजऱ्या किंवा घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना याचा मोठा आधार होतो. मैदानाला निघण्याआधी सगळ्यांना एकदा विचारून घ्यावं, ते वेगळं.

‘घर’चं कार्ड मात्र शेवटी हवंच. जूनमध्ये नवं मूल “आई कधी?” असं दर थोड्या वेळाने विचारतं. “येईल हं लवकर” म्हणण्यापेक्षा त्याला तक्त्यापाशी न्या आणि ‘घर’पर्यंत किती कार्डं उरली ते बोटाने मोजा. अडचण एकच, आई उशिरा आली तर तक्ता खोटा पडतो. म्हणून ‘घर’ नंतर ‘वाट बघणे’चं कार्ड तयार ठेवा, ज्यात चित्रांची पुस्तकं असतात, आणि ते फक्त उशीर होणाऱ्या मुलासाठी काढा.

१४. घरीही असा तक्ता लावावा का?

पूर्ण दिवसाचा नको. घर म्हणजे वर्ग नव्हे, आणि आजी-आजोबा आले की सगळा क्रम मोडतोच. जिथे रोज अडतं तेवढ्याच भागाचा लावा: सकाळी उठल्यापासून दारापर्यंत, किंवा जेवणापासून झोपेपर्यंत. चार-पाच कार्डं, फ्रिजवर चुंबकाने.

मोबाइल बंद करण्याबद्दल एक उपयोगी गोष्ट. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लहान मुलांच्या घरांचा अभ्यास केला, तेव्हा “दोन मिनिटांत बंद करणार” अशी सूचना दिलेल्या वेळी मुलं जास्त चिडलेली आढळली. भाग आपोआप संपल्यावर, किंवा रोजच्या क्रमातच पडदा संपत असेल तेव्हा, ती सहज उठत होती. म्हणून कार्डावर ‘एक गोष्ट’ असं ठरवा, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा, आणि ‘मोबाइल’ नंतरचं कार्ड अंघोळीसारखं लगेच सुरू होणारं ठेवा.

१५. वर्गात ऑटिझम असलेलं मूल आहे. त्याला हाच तक्ता पुरेल का?

वर्गाचा तक्ता असू द्या, पण त्याला स्वतःची पट्टी हवी. अशा वैयक्तिक चित्रपट्ट्या ऑटिझमच्या कामात बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या ‘टीच’ या उपक्रमाने त्या रुळवल्या. पट्टीवर कमी कार्डं, कधी दोनच. चित्र समजत नसेल तर वस्तू (प्रश्न ३). मूल पट्टीकडे येत नसेल तर पट्टी मुलाकडे न्यावी, आणि घंटेचा आवाज सहन होत नसेल तर त्याला कार्ड घंटेच्या आधी दाखवावं.

नेहमीचं कार्ड थोडं वाकडं लागलं म्हणूनही काही मुलं अस्वस्थ होतात, तर काही ‘बदल’ कार्डालाच घाबरतात. तिथे बदल एकेका छोट्या गोष्टीत आणि फार हळू आणावा लागतो. पालकांकडून आणि मुलाच्या थेरपिस्टकडून घरी कोणती चित्रं वापरतात ते विचारून तीच घ्या. दोन ठिकाणी दोन चित्रं असली की त्याच्यासाठी त्या दोन वेगळ्या गोष्टी होतात.

१६. मुलांना दिनक्रम पाठ झाला की तक्ता काढून टाकायचा का?

वर्गाचा काढू नका. पाठ झालेला क्रम दिवाळीच्या सुट्टीनंतर पुसट होतो, आणि मध्येच नवं मूल दाखल होतं. फक्त वापर हलका होत जातो. ताई बोलायची थांबते, फोटोंच्या जागी रेघांची चित्रं येतात, मोठ्या गटासाठी चित्र लहान आणि खालचा शब्द मोठा होतो. ‘आता–मग’ची छोटी पट्टी वापरणारं मूल पुढचं कार्ड आपणहून सांगायला लागलं की त्याला पूर्ण तक्त्यावर न्या. आठवडाभरात पुन्हा रडणं सुरू झालं तर छोटी पट्टी परत द्या.